टॉवेल, टोपी आणि एका घराचा मान

फेब्रुवारी २०२३ मधली दुपार. एक गृहस्थ मोटारसायकल लावून दुकानात शिरले, खिशातून वहीचं फाडलेलं पान काढलं आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "शेठ, पंचवीस टॉवेल, पंचवीस टोप्या. मोजून द्या, घाई आहे." थोरल्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. मी टॉवेल मोजत असताना पान काउंटरवर उघडंच पडलं होतं. त्यावर पुढे 'पीस ४०' आणि 'साड्या ९' असंही लिहिलेलं. मी विचारलं, "आणि हे?" ते म्हणाले, "ते बऱ्हाणपूरला. बायका जातील उद्या."

बिल झालं ३,१२५ रुपयांचं. त्या हंगामात माझ्यासाठी ते मोठंच बिल होतं. पण ते गेल्यावर माझ्या डोक्यात ते पान राहिलं. ब्लाउजपीस माझ्याकडे होते. देण्याघेण्याच्या साड्याही होत्या, सुरतेहून आणलेल्या, बऱ्हाणपुरात मिळतात त्याच. मग एकाच कागदावरच्या तीन ओळींपैकी एकच माझ्याकडे का आली?

आमचं दुकान असीरगडाच्या पायथ्याशी, बऱ्हाणपूर-खंडवा रस्त्यावर आहे. बोर्डावर गावाचं नाव 'असीरगढ़' असं, हिंदीत. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी निम्मं मराठी आणि निम्मं निमाडी-हिंदी. सातपुड्यातून दख्खनमध्ये उतरायची जुनी वाट इथूनच जाते, म्हणून तर वर किल्ला आहे आणि म्हणून १६०१ मध्ये तो ताब्यात आल्याशिवाय अकबराला पुढे चैन नव्हतं. आता सैन्य जात नाही, बस जाते. अडचण मात्र दुकानदाराच्या बाजूने तीच: सगळं जग इथून जातं आणि वीस-बावीस किलोमीटर पुढे बऱ्हाणपुरात जाऊन थांबतं. रविवारी किल्ल्यावर अश्वत्थाम्याचं देऊळ बघायला येणारे लोक पाण्याची बाटली घेतात, साडी नाही.

लग्नाचा बस्ता तर बऱ्हाणपूरलाच बांधायचा, हे इथल्या कुठल्याही घरात ठरलेलं. नवरीचा शालू, नवरदेवाचे कपडे, जवळच्यांच्या साड्या यासाठी पंधरा-वीस माणसं गाडी करून जातात, दुपारी जेवतात, संध्याकाळी गठ्ठे घेऊन येतात. त्यात मी कधी लुडबूड केली नाही आणि करूही नये. माझ्या वाट्याला मानपान येतो. म्हणजे मांडवात नाव पुकारून पुरुषाला टॉवेल-टोपी, बाईला ब्लाउजपीस, जरा जवळचं घर असेल तर साडी. लग्नाच्या मालाची बिलं मी वेगळ्या वहीत लिहितो. २०२२-२३ च्या हंगामात, तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत, ३१० बिलं झाली होती आणि सरासरी बिल ८५० रुपयांचं होतं. पुढच्या वर्षी हा आकडा वाढवायचा असं मी ठरवलं. मोठ्या शहरात बरेच दुकानदार चार वस्तू एकत्र बांधून 'गिफ्ट सेट' विकतात, तेच करायचं.

पहिल्या वर्षी मी काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण ते चुकलं.

पुठ्ठ्याचे सोनेरी ट्रे आणले. एका ट्रेमध्ये देण्याघेण्याची साडी, टॉवेल, टोपी आणि स्टीलचा छोटा डबा. वरून पारदर्शक कागद, कोपऱ्यात रिबनचं फूल. सुट्या भावाने साडी ३०० ची, टॉवेल १०० चा, टोपी २५ ची, डबा १३० चा, असे ५५५ रुपये होत. मी सेटवर ४९९ चं लेबल लावलं. असे साठ ट्रे दिवाळीनंतर बांधले. दुकानाच्या दर्शनी भागात त्यांची उतरंड लावली तेव्हा मला स्वतःचाच अभिमान वाटला होता.

आत डबा का घातला, तर तो खपत नव्हता म्हणून. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नसतं. न खपणारा माल खपणाऱ्याच्या पाठीवर बसवून पाठवायचा, ही दुकानदाराची जुनी खोड आहे आणि गिऱ्हाइकाला ती आपल्यापेक्षा आधी कळते. एका बाईने ट्रे हातात घेऊन उलटा-सुलटा केला आणि सरळ विचारलं, "बांधून का ठेवलंय? आत साडीला काही झालंय का?" झालं काहीच नव्हतं. पण साडी घेणारी बाई आधी पदर उघडून बघते, कापड दोन बोटांत चोळते, काठ उजेडात धरते. मी तिला पारदर्शक कागदातून घडीचा एक वीतभर तुकडा दाखवत होतो. बहुतेक जणी कागद फाडायला लावत. फाडला की मग, "हा डबा काढा, त्याऐवजी अजून एक टॉवेल द्या." म्हणजे सेट मोडला आणि कागद-रिबनीचा खर्च माझ्या अंगावर.

उन्हाळ्यात आणखी एक प्रकार झाला. निमाडातला एप्रिल म्हणजे पत्र्याखाली भट्टी. ट्रेच्या आत साडी जागची हलू नये म्हणून मी चिकटपट्टी लावली होती. उष्णतेने तिचा डिंक सुटला आणि सात साड्यांच्या काठावर चिकट डाग उतरले. ते धुऊन जातात, पण धुतलेली साडी मानाला देता येत नाही.

हे सगळं सोसूनही मी खूश होतो, कारण वहीत सरासरी बिल वाढताना दिसत होतं. ८५० वरून १,०८० पर्यंत ते गेलं. मग मे महिन्यात, हातात वेळ असताना (तो का होता ते पुढे सांगतो), मी एका ट्रेचा हिशोब नीट मांडला. साडी मला २१० ला पडते, टॉवेल ७० ला, टोपी १५ ला, डबा ९० ला. झाले ३८५. ट्रे, कागद, रिबन मिळून २८. म्हणजे ४१३. विक्री ४९९, सुटले ८६ रुपये. आता हेच गिऱ्हाईक सेट नसता तर काय घेऊन गेलं असतं? साडी, टॉवेल, टोपी. डबा त्याला नकोच होता. ते बिल ४२५ चं झालं असतं आणि त्यात मला १३० सुटले असते. म्हणजे प्रत्येक ट्रेमागे बिल ७४ रुपयांनी फुगत होतं आणि माझ्या खिशात ४४ रुपये कमी पडत होते. मी जितके जास्त सेट विकत होतो तितका खोल जात होतो, आणि वहीतली सरासरी दर आठवड्याला शाबासकी देत होती.

सरासरीचा आणखी एक दोष मला त्याच दुपारी दिसला. मी सगळी बिलं लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावली आणि बरोबर मधलं बिल काढलं. आदल्या वर्षी ते ४२० चं होतं, या वर्षी ४३० चं. म्हणजे रोज येणारं गिऱ्हाईक जसं होतं तसंच होतं. पाच-दहा मोठ्या लग्नांची बिलं सगळ्यांना वर ओढत होती. तेव्हापासून मी हंगामाच्या शेवटी तीन आकडे लिहितो: सरासरी बिल, मधलं बिल आणि हातात राहिलेला नफा. पहिला एकटा बघितला तर तो फसवतो.

मे महिन्यात वेळ का होता, तर २०२४ च्या उन्हाळ्यात लग्नंच नव्हती. एप्रिलच्या अखेरीस शुक्राचा अस्त लागला तो जुलैच्या सुरुवातीपर्यंत, त्यात गुरूचाही अस्त येऊन गेला. मे आणि जून, आमच्या धंद्याचे खरे दोन महिने, मुहूर्ताविना कोरडे गेले. १० मेला अक्षय्य तृतीया होती, ती साडेतीन मुहूर्तांतली म्हणून काही लग्नं त्या दिवशी झाली, इकडच्या हिंदी घरांत तिला अबूझ मुहूर्त म्हणतात. बाकी शुकशुकाट. पंचांगात हे वर्षभर आधी छापलेलं होतं. माझ्या दुकानाच्या भिंतीवरच पंचांग टांगलेलं होतं. मी त्यात रोजची तिथी बघत होतो आणि माल भरताना मात्र मागच्या वर्षीची वही बघत होतो. सुट्या टॉवेलचं काही बिघडत नाही, तो पुढच्या हंगामात जातो. बांधलेला सेट तसा राहत नाही. रिबन उतरते, कागद पिवळा पडतो आणि चार वस्तूंचे पैसे एका ट्रेमध्ये अडकून बसतात. साठांपैकी चौतीस ट्रे गेले होते, सव्वीस उरले. ते सगळे मी आणि हिने बसून सोडले. बिलं ३१० वरून २३१ वर आली होती. त्यातला मोठा भाग शुक्राचा, हे मान्य. पण नफा साधारण ७९ हजारांवरून ५८ हजारांवर आला, तो सगळा शुक्राच्या माथी मारता येत नाही.

आणि डब्याबद्दल एक. बऱ्हाणपूरचे आमचे हिशोबनीस म्हणाले होते की वेगवेगळ्या जीएसटी दराच्या वस्तू एका किमतीत बांधून विकल्या, तर त्यातला सर्वांत चढा दर पूर्ण सेटला लागतो. तेव्हा कापडाला ५ टक्के होता आणि स्टीलच्या डब्याला १२. माझी उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली, म्हणून मला त्याची झळ लागली नाही. नोंदणी असलेल्या दुकानदाराने मात्र नव्वद रुपयांच्या डब्यापायी साडी-टॉवेलवरही १२ टक्के भरले असते. सप्टेंबर २०२५ पासून स्टीलची भांडीही ५ टक्क्यांत आली, त्यामुळे ती गाठ आता सुटली आहे. पण सेटमध्ये काय घालायचं हे ठरवताना ही चौकशी आधी करावी.

खरी शिकवण मिळाली ती त्याच पान घेऊन आलेल्या गृहस्थांच्या घरातून. २०२४ ची दिवाळी झाल्यावर त्यांची पत्नी दुकानात आली. धाकट्या मुलीचं जमलं होतं, लग्न अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिल २०२५ रोजी. काकू काही घ्यायला आल्या नव्हत्या, गहू दळायला टाकला होता तोवर सावलीला बसल्या होत्या. मी सहज विचारलं की यंदा मानपानाचं किती लागेल. त्या टॉवेल किती, पीस किती असं काही म्हणाल्याच नाहीत. बोटांवर घरं मोजायला लागल्या. "भावकीची चौदा घरं. ह्यांच्या मामांकडची पाच. माझ्या माहेरची सहा. रावेरकडची सात-आठ. शेजारपाजार दहा धर." मग म्हणाल्या, "गेल्या लग्नात घोळ झाला रे भाऊ. ह्यांनी टॉवेल आणले, आम्ही पीस आणले. मांडवात पुकारायला लागलो तर टॉवेल संपले आणि पीस उरले. एकाच घरातल्या बाईला मान मिळाला आणि गडी रिकामा उठला. अजून बोलतात."

मी तिथेच समजलो की ते पान तीन ओळींचं का होतं. पुरुषांची यादी पुरुष घेऊन येतात आणि माझ्यासारख्या रस्त्यावरच्या दुकानातून पटकन उरकतात. बायकांची यादी बायका बऱ्हाणपूरला नेतात. दोन्ही याद्या एकाच घरांच्या असतात, पण त्या कधी एकत्र बसत नाहीत. मी वस्तूंचा सेट बांधत होतो. बांधायला हवा होता तो या दोन याद्यांचा.

मग मी ट्रे, कागद, डबा सगळं सोडलं. एक टॉवेल, त्याच्या घडीत टोपी, त्यावर टू बाय टूचा ऐंशी सेंटीमीटरचा ब्लाउजपीस, आणि सुती नाडीने अधिक चिन्हासारखी एक गाठ. बस. कापड चारही बाजूंनी दिसतं, हात लावता येतो, रंग बदलून मागता येतो. पाटीवर लिहिलं 'जोडीचा मान, १७५ रुपये' आणि खाली तिन्ही वस्तूंचे सुटे भाव: १००, २५, ५०. बेरीज बरोबर १७५. सेट घेतला म्हणून एक रुपया कमी नाही.

भाव न पाडण्याचं कारण हिशोबात होतं. नुसते टॉवेल-टोपी विकले तर मला १२५ च्या बिलात ४० सुटतात. पीस धरून सेट १६५ ला द्यायचा आणि वर आठ रुपयांची पिशवी, असा माझा पहिला विचार होता. ते गणित मांडलं तर सुटत होते ४२. म्हणजे बिल ४० रुपयांनी वाढवून, बांधायची मेहनत करून, कमाई दोन रुपयांची. पूर्ण भावाने आणि पिशवीशिवाय तेच ६० होतात.

पण आपल्याकडे लग्नाचा माल घेताना 'काहीतरी कमी करा' म्हटल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. मी ठरवलं की पंचवीस घेतले तर एक वर. पंचविसांवर दहा-दहा रुपये सोडून पिशव्या दिल्या असत्या तर माझे १,०५० राहिले असते. एक सेट वर दिला तर तो मला ११५ ला पडतो, १,५०० मधून तो गेला तरी १,३८५ राहतात. गिऱ्हाइकालाही तो एक सेट दहा रुपयांच्या सुटीपेक्षा मोठा दिसतो, कारण ऐन वेळी एक घर वाढतंच.

दुसरी गोष्ट मी दिली ती म्हणजे उरलं तर परत. मानपानात कमी पडणं ही नाचक्की, म्हणून माणूस घाबरत यादी करतो आणि पैशाकडे बघून ती कापतो. पंचवीस टॉवेल घेऊन जायचे आणि मांडवातून पोराला मोटारसायकलवर पिटाळायचं, हे मी वर्षानुवर्षं बघत होतो. परत घेतो म्हटल्यावर तीच माणसं मोकळ्या मनाने यादी करू लागली. अट इतकीच की लग्नानंतर आठ दिवसांत, नाडी सोडलेली नसावी, हळद-कुंकवाचा डाग नसावा.

याचा गैरफायदा घेणारे निघालेच. एका घराने दहा सेट नेले आणि बारा परत आणले! झालं असं की त्यांना दुसऱ्या लग्नांत मिळालेले टॉवेल-पीस त्यांनी आमच्या नाडीसारखी नाडी बांधून आणले होते. माणसं वाईट नव्हती. घरात आलेला आहेर फिरवायची रीत सगळीकडेच आहे, फक्त तो दुकानात फिरवायची ही पहिली वेळ. तेव्हापासून ही प्रत्येक टॉवेलच्या काठावर आतून हिरव्या दोऱ्याचा एकच टाका घालते. घेणाऱ्याला तो दिसतही नाही. परत आलेला सेट हातात घेतला की मी आधी तो कोपरा चाचपतो. कुंकवाचा डाग बहुतेक पीसच्या मधल्या घडीवर असतो, वरून दिसत नाही, म्हणून पीस उलगडून उजेडात बघायचा. ज्या घरात तो ओटीत घालून परत काढलेला असतो तिथे तांदळाचा एखादा दाणाही सापडतो.

आता त्या अक्षय्य तृतीयेच्या लग्नाचं सांगतो. मार्चमध्ये काकू आणि काका दोघं एकत्र दुकानात आले, हेच मला अर्धं यश वाटलं. घरं मोजली ती बेचाळीस भरली. त्याशिवाय नऊ घरं जवळची, त्यांना साडी द्यायची होती. त्यासाठी मी दुसरा सेट ठेवला होता, साडी, टॉवेल, टोपी, ४२५ रुपये. साडीत ब्लाउजपीस असतोच, म्हणून तो वेगळा नाही. नऊ साड्या काकूंनी एकेक उघडून, पदर बघून निवडल्या, त्यात दीड तास गेला आणि जायलाच हवा होता. बेचाळिसांचे ७,३५०, नऊंचे ३,८२५, एकूण बिल ११,१७५. वर एक सेट.

मग आम्ही दोन संध्याकाळी बसून ते बांधले. हे बांधणं नुसतं गाठ मारणं नाही. काकूंच्या यादीप्रमाणे भावकीचे चौदा एका गठ्ठ्यात, मामांकडचे पाच दुसऱ्यात, माहेरचे सहा तिसऱ्यात, प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी टाचलेली. मांडवात पुकारणाऱ्याच्या शेजारी एक पोरगा बसतो आणि गठ्ठा सोडून एकेक हातात देतो. टॉवेल एका पोत्यात, टोप्या दुसऱ्यात, असा शोध घ्यावा लागत नाही. बऱ्हाणपूरचं मोठं दुकान माझ्यापेक्षा स्वस्त देऊ शकतं, रंगही जास्त दाखवतं. पण तुमच्या भावकीची घरं किती आणि कोणतं नाव आधी पुकारायचं, ते विचारत बसायला त्याला सवड नाही. गिऱ्हाईक माझ्याकडे १७५ पूर्ण देतं ते या चिठ्ठ्यांसाठी, हे माझं मत आहे.

चिठ्ठ्या टाचतानाच एक चूक लक्षात आली. काकांच्या बहीण, म्हणजे नवरीच्या आत्या, मदतीला आल्या होत्या. त्यांचे यजमान कोरोनात गेले. त्यांनी पाटी वाचली, 'जोडीचा मान', आणि काही न बोलता त्यांच्या नावाची चिठ्ठी बाजूला ठेवली. काकूंनी विचारलं तर एवढंच म्हणाल्या, "माझी कुठली जोडी आता." दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटी पुसून 'एका घराचा मान' असं लिहिलं. आतल्या वस्तू त्याच, ज्या घरात एकच माणूस असेल तिथे सुट्या भावाने जे हवं ते. कुणाला टोपी नको असते, तरुण मुलं ती घालत नाहीत, तिथे त्याच किमतीचा रुमाल. असा एक बदल मी करू देतो. दोन बदल मागितले की तो सेट राहिला नाही, सुटा माल घ्या म्हणतो. नाहीतर चाळीस घरांचे चाळीस प्रकार होतात आणि रात्री दोनपर्यंत दिवा जळतो.

लग्न झालं. चौथ्या दिवशी काका सहा सेट घेऊन आले, सहाही कोऱ्या नाडीचे, सहाही हिरव्या टाक्याचे. १,०५० रुपये परत दिले. त्या लग्नाचं निव्वळ बिल राहिलं १०,१२५ आणि वर दिलेला सेट वजा करून मला सुटले ३,२१५. याच घराच्या थोरल्या मुलीच्या लग्नात हजार सुटले होते.

एक सेट मात्र मी बांधून बघितला आणि सोडून दिला. व्याह्यांचा मान. भारी साडी, पँट-शर्टचा पीस, टोपी, दीड हजाराच्या आसपास. एकही गेला नाही. विहिणीची साडी विहिणीच्या पसंतीने, नाहीतर तिच्या मुलीला सोबत नेऊन घेतात. तिच्यावर सगळ्यांचे डोळे असतात आणि ती बस्त्यातच येते. जिथे देणाऱ्याला माणसं मोजून उरकायचं असतं तिथे सेट चालतो. जिथे एकेका माणसाची मर्जी सांभाळायची असते तिथे त्याला कुणी हात लावत नाही. म्हणून माझ्याकडे दोनच सेट आहेत आणि तिसरा करायचा नाही असं मी ठरवलंय.

२०२४-२५ चा हंगाम संपल्यावर वही मांडली. बिलं २८६, सरासरी बिल १,३९० आणि नफा साधारण सव्वा लाख. मधलं बिल ४४०. म्हणजे रोजच्या गिऱ्हाइकावर सेटचा परिणाम नाही म्हणावा इतकाच, सगळी वाढ साठ-पासष्ट लग्नघरांची. आणि बिलं २०२२-२३ पेक्षा कमी आहेत याचं एक कारण असंही की तीनदा येणारा माणूस आता एकदाच येतो. ही दोन संध्याकाळची मेहनत, हिचे टाके, यांची मजुरी मी धरलेली नाही. ती धरली तर नफ्यातून दहा-बारा हजार तरी वजा करावे लागतील.

आता माल भरायची रीत अशी: पंचांग काढायचं, गुरू-शुक्राचे अस्त आणि मलमास यांवर पेन्सिलीने काट मारायची, उरलेले मुहूर्त मोजायचे, मग सुरतेला आणि सोलापूरला फोन करायचा. सेट आधी बांधून ठेवायचे नाहीत. नमुन्याचा एक काउंटरवर, बाकी माल सुटा रॅकवर, आणि यादी आल्यावरच नाडी.

पहिल्या वर्षीचे सव्वीस सोनेरी ट्रे माळ्यावर आहेत. ही त्यात बटणं आणि दोऱ्याची रिळं ठेवते.